उताऱ्यावरील प्रश्न : हज, वारी आणि मोत मावलीची जत्रा

नववीच्या वर्गाला आकलनासाठी उतारा देताना मी बहुधा यात्रांचा विषय घेतो. परळच्या मुलाला हा विषय परका नाही. आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराकडे लोटणारी गर्दी त्याने पाहिलेली असते, गुरुवारी घरची माणसे हाजी अलीला जातात आणि सप्टेंबरात शेजारचे कुटुंब वांद्र्याला मोत मावलीच्या जत्रेला निघते. अडचण होते ती यामुळेच. मुलगा उतारा वाचत नाही, ऐकलेले लिहितो. आणि ऐकलेल्यात दुसऱ्याच्या धर्माविषयी पुष्कळ भलतेसलते मिसळलेले असते. म्हणून यंदा स्मरणिकेसाठी तो उताराच देत आहे. पालकांनी मुलांसमवेत तो सोडवून पाहावा.

उतारा

मक्केची हज ही ज्याची ऐपत आणि प्रकृती साथ देते अशा मुसलमानावर आयुष्यात एकदा फर्ज आहे. ती वर्षातून ठराविक दिवशीच होते. जिल्हेज महिन्याच्या नवव्या तारखेला हाजीला अराफातच्या मैदानात हजर राहावे लागते. तो मुक्काम चुकला तर त्या वर्षीची हज झाली नाही असे धरतात. जो कायमचा अपंग आहे किंवा मरण पावला आहे, त्याच्या वतीने दुसरा हज करू शकतो. तिला हज-ए-बदल म्हणतात. १९९५ पर्यंत मुंबई बंदरातून हाजींची जहाजे जेद्दाला जात. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात बाहेरगावचे हाजी प्रवासाची वाट पाहत उतरत.

गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी आषाढीला व कार्तिकीला पंढरपूरला जाण्याचा नेम पाळतो, आणि तो नेम जन्मभराचा असतो. आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वरांची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटर पायी चालून पंढरपूरला पोहोचते. तेथे चंद्रभागेचे स्नान, एकादशीचा उपवास आणि विठ्ठलाचे दर्शन होते. गर्दीमुळे आत जाता आले नाही तर पुष्कळजण कळसाला हात जोडून परततात. मुंबईतील ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही ते वडाळ्याच्या मंदिरात जातात.

वांद्र्याच्या टेकडीवरील मोत मावलीच्या देवळात मरियमचा जन्मदिन ८ सप्टेंबरला मानतात. त्या सुमाराच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. आजारी माणूस दुखऱ्या अवयवाच्या आकाराची मेणाची प्रतिकृती नवस म्हणून वाहतो. येथे सर्व धर्मांचे लोक जातात. येणे कोणावर बंधनकारक नाही.

प्रश्न

१. कोणाला एकदाच जावे लागते आणि कोणाला पुन्हा पुन्हा?
२. स्वतः जाता आले नाही तर प्रत्येक यात्रेत कोणती सोय आहे?
३. कोणती यात्रा सर्व ऋतूंतून फिरते? कोणती एकाच ऋतूत येते?
४. कोणत्या यात्रेकरूंची श्रद्धा अधिक आहे? उताऱ्याच्या आधारे लिहा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक मुले बरोबर लिहितात. परंतु तेथूनच चौथ्या प्रश्नात घसरतात. 'वारकरी दरवर्षी जातो, हाजी एकदाच, म्हणून वारकऱ्याची श्रद्धा मोठी' असे एकजण लिहितो. 'हाजी समुद्रापार जातो, म्हणून त्याची मोठी' असे दुसरा. दोघांनाही शून्य. हज एकदाच, कारण फर्ज तेवढाच आहे. ऐपत असणाऱ्याने पुन्हा केली तर ती नफल. वारी मात्र शब्दानेच पुन्हा पुन्हा जाणे दाखविते. 'कचेरीच्या किती वाऱ्या केल्या' असे आपण घरीदारी म्हणतोच की. दोन ठिकाणचे नियम निराळे असले म्हणजे मनातील भाव मोजण्याचे माप हाती आले असे नव्हे. 'उताऱ्यावरून सांगता येत नाही' हेच या प्रश्नाचे पूर्ण गुणांचे उत्तर आहे. ते लिहायला मुले भितात. प्रश्न विचारला म्हणजे उत्तर असलेच पाहिजे अशी त्यांची समजूत असते. (पालकांचीही असते, हे पालक सभेत कळते.)

दुसऱ्या प्रश्नात निराळीच चूक होते. वडाळा पंढरपूरच्या जागी, तर हाजी अली मक्केच्या जागी, अशी जोडी मुले लावून टाकतात. जोडी दिसते चांगली, पण उताऱ्यात ती नाही आणि वस्तुस्थितीतही नाही. दर्ग्याला जाणे ही जियारत आहे. हजची जागा दुसरे कोणतेही ठिकाण घेत नाही, माणूस मात्र दुसऱ्या माणसाची जागा घेऊ शकतो. वारीत नेमके उलटे आहे. तेथे ठिकाण बदलले तरी भागते. आणि मोत मावलीच्या बाबतीत अशी सोय उताऱ्यात सांगितलेलीच नाही. तेथे 'उल्लेख नाही' एवढेच लिहावे.

तिसरा प्रश्न मला सर्वांत आवडतो. जत्रेचे सोपे आहे. ८ सप्टेंबर ही सूर्याच्या वर्षाची तारीख, म्हणून ती ऋतू सोडत नाही. आषाढी आणि हज दोन्ही चंद्रावर मोजतात. चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत संपतात, म्हणजे वर्षाला अकराएक दिवस कमी पडतात. पंचांगात साधारण अडीच-तीन वर्षांनी एक अधिक मास घालून ही तूट भरतात, त्यामुळे आषाढी पावसाळ्यातच राहते. हिजरी वर्षात अधिक मास नाही. म्हणून हज कधी कडक उन्हाळ्यात तर कधी थंडीत येते. जहाजाच्या दिवसांत ती पावसाळ्यात आली की अरबी समुद्राच्या लाटांत हाजींचे हाल होत.

आता अलीकडचीच उदाहरणे घेऊ. २०२१ साली आषाढी एकादशी २० जुलैला होती आणि आपली बकरी ईद २१ जुलैला. २०२२ साली दोन्ही १० जुलैला आल्या. २०२३ साली पुन्हा दोन्ही एकाच दिवशी, २९ जूनला. त्या दिवशी महाराष्ट्रात अनेक गावच्या मुसलमानांनी कुर्बानी दुसऱ्या दिवशी करण्याचे ठरविले. ईदची कुर्बानी तीन दिवस करता येते, त्यामुळे शरियतचीही अडचण नव्हती. हा मेळ निव्वळ योगायोग नव्हता. चंद्रकोर बहुधा द्वितीयेच्या संध्याकाळी दिसते आणि तेथून आपला महिना सुरू होतो. म्हणून जिल्हेजची दहावी तारीख पंचांगातील एकादशीच्या जवळपास पडते. महिने जुळले की दिवस जुळलाच. मग २०२३ मध्ये आषाढानंतर अधिक श्रावण आला आणि जोडी तुटली. २०२४ साली ईद १७ जूनला, एकादशी १७ जुलैला. मध्ये बरोबर एक महिना.

येथे एक सावधगिरी. ईदचा दिवस म्हणजे अराफातचा दिवस नव्हे. अरबस्तानात चंद्र बहुधा एक दिवस आधी धरला जातो, त्यामुळे २०२३ साली अराफातचा मुक्काम २७ जूनला झाला आणि इकडे ईद २९ जूनला. 'हाजी आणि वारकरी एकाच दिवशी पोहोचले' असे लिहिणाऱ्याचा अर्धा गुण मी कापतो.

वर्गात शेवटी एक गणित देतो. एकोणीस वर्षांत सात अधिक मास येतात. हज पूर्ण फेरा मारून पुन्हा आषाढात येण्यास बारा अधिक मास हवेत. बारा गुणिले एकोणीस भागिले सात, म्हणजे सुमारे साडेबत्तीस वर्षे. २०२३ मधून ती वजा केली की १९९० च्या आसपासचे साल येते. तेव्हा मुंबईतून जहाज जात होते. घरी आजी-आजोबांपैकी कोणी त्या सुमारास हजला गेले असेल, तर जहाजावर ऊन होते की पाऊस, हे विचारून यायचे.