साडेसात तास वजा

25 मार्च 2020, बुधवार. तुम्ही सत्तरी ओलांडलेल्या आजी आहात. ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागात लेकीकडे आलात आणि अडकलात; भारताने 22 तारखेपासून बाहेरची विमानं बंद केली आहेत. जावयांनी त्यांचा जुना स्मार्टफोन सिम घालून तुमच्या हाती दिलाय. जन्मभर बटणांचा फोन वापरल्यामुळे तुम्ही काचसुद्धा जोर लावून दाबता, आणि भलतंच काहीतरी उघडतं.

"आई, दाबू नका. नुसतं बोट टेकवा."

सकाळी आठला डेकच्या कठड्याला गुढी उभी राहते. उत्साहाच्या भरात तुम्ही मुलाच्या नावापुढच्या कॅमेऱ्याच्या चित्रावर बोट टेकवता. सांगलीत रात्रीचे साडेबारा! मुलगा धडपडत उठतो. "आई, काय झालं?" काही नाही, पाडवा आहे. तिकडे लॉकडाऊन सुरू होऊन जेमतेम अर्धा तास झालाय. लेक कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवते: साडेसात तास वजा.

संध्याकाळी सव्वासहाला नातवाचा फोन येतो.

"आजी, तुझा कान दिसतोय!"

सवयीने तुम्ही फोन कानाला लावलेला. समोर धरता, तर अंगठा कॅमेऱ्यावर. अंगठा काढता, तर नुसतं कपाळ. त्याला गुढी बघायचीये आणि सूर्यास्ताच्या आत ती उतरवायला हवी. तो सांगतो तसं गोल बाणांच्या चित्रावर बोट टेकवताच तुमचा चेहरा जातो आणि समोरचा डेक दिसू लागतो. आधी कठडा, मग खण, मग किंचित वाकडा तांब्या.

साडेसहाला फोन किंचाळतो. लेकीचा, जावयांचाही. तुम्ही तुमचा सोफ्यावर टाकून देता, मोडलाच म्हणायचा! पण हा सरकारने देशभरातल्या फोनवर धाडलेला इशारा आहे: आज मध्यरात्रीपासून घराबाहेर पडू नका. तिकडे नातू निमूट सोफ्यावरून दिसणारं छत बघत बसलाय.

रोज याच वेळी फोन ठरतो. खिडकीतून तुम्ही त्याला समोरच्या घराच्या काचेत ठेवलेलं टेडी अस्वल दाखवता. गल्लीतून फिरणाऱ्या पोरांनी मोजावीत म्हणून घरोघरी अशी अस्वलं बसलीत.

5 एप्रिलला पहाटे इथली घड्याळं तासभर मागे जातात. फोन आपोआप बदलतो, भिंतीवरचं घड्याळ नाही. रात्री नऊला नातू सांगलीत दिवे लावणार आहे आणि तुम्ही बघायलाच हवं, असा त्याचा हट्ट आहे. फोनप्रमाणे ती वेळ पहाटे साडेतीनची. आता साडेसहाच तासांचं अंतर. गजर लावायला लेक फोन मागते, पण तुम्ही तो स्वतःच लावता. जावई स्टुलावर चढून भिंतीवरचे काटे फिरवायला निघालेत.

"राहू द्या हो. या घड्याळात साडेचार वाजतील, आणि साडेचारला मी तशीही उठतेच."