ऑनलाइन पेमेंट : छोट्या संकेतस्थळासाठी

संकेतस्थळावर आलेल्या ग्राहकाकडून यूपीआय किंवा कार्डाने पैसे घेणे, ते कोणत्या ऑर्डरचे आहेत हे निश्चित करणे आणि विक्रेत्याच्या बँक खात्यात जमा करणे, अशी ही व्यवस्था आहे. भारतात हे काम बहुधा पेमेंट ॲग्रिगेटर करतात. रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या या मध्यस्थ कंपन्यांपैकी रेझरपे आणि कॅशफ्री लहान विक्रेत्यांच्या परिचयाच्या आहेत.

मध्यस्थाची गरज. स्वतःचा क्यूआर कोड संकेतस्थळावर लावूनही पैसे घेता येतात आणि त्याला सहसा काही खर्च येत नाही. पण एकाच दिवशी चार जणांनी २,५०० रुपये पाठवले, तर कोणती रक्कम कोणत्या ऑर्डरची हे हाताने जुळवावे लागते. ग्राहकाने पाठवलेला स्क्रीनशॉट पुरावा म्हणून धरता येत नाही, कारण तो बनावट असू शकतो. खरे काय ते खात्याच्या नोंदीवरूनच कळते. कार्डाचे पैसे तर असे थेट घेताच येत नाहीत. ऑर्डर आणि रक्कम यांची ही सांगड ॲग्रिगेटर आपोआप घालतो आणि त्याबद्दल शुल्क घेतो.

शुल्क. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारांवर एमडीआर, म्हणजे बँकांनी व्यापाऱ्याकडून घ्यायचे शुल्क, शून्य आहे. तरीही ॲग्रिगेटर आपल्या सेवेचे वेगळे शुल्क लावू शकतो. त्यामुळे यूपीआयचा दर करारात स्वतंत्रपणे पाहावा. यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डाने पैसे आले, तर त्यावरही शुल्क लागू शकते. कार्डांचा दर साधारण २ टक्क्यांच्या आसपास असतो. परदेशी कार्डांना तो जास्त पडतो.

समजा, सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा २,५०० रुपयांचा संच क्रेडिट कार्डाने विकला गेला. २ टक्के दराने शुल्क ५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९ रुपये झाले. विक्रेत्याच्या हाती २,४४१ रुपये आले. पुढे हा संच परत आला आणि ग्राहकाला पूर्ण २,५०० रुपये दिले, तरी कापलेले शुल्क बहुधा परत मिळत नाही. म्हणून परतीचे प्रमाण धरूनच किंमत ठरवावी.

उभारणी. नोंदणीसाठी पॅन, बँक खात्याचा तपशील आणि व्यवसायाची कागदपत्रे लागतात. संकेतस्थळावर संपर्काचा पत्ता, अटी, गोपनीयता धोरण आणि परताव्याचे नियम आधीच असावेत, कारण पडताळणीत ही पाने उघडून पाहिली जातात आणि ती नसल्यास अर्ज अडकतो.

त्यानंतरची जोडणी प्रथम चाचणी पद्धतीत करतात. रेझरपेमध्ये विक्रेत्याचा सर्व्हर आधी ऑर्डर तयार करतो. रक्कम पैशांत लिहायची असते, त्यामुळे २,५०० रुपयांसाठी `250000` हा आकडा द्यावा लागतो. ही रक्कम ग्राहकाच्या ब्राउझरकडून घेऊ नये, तिथे ती बदलता येते. मग ग्राहकासमोर पेमेंटची खिडकी उघडते. पैसे भरल्यावर ब्राउझरकडे पेमेंट क्रमांक आणि सही येते. सर्व्हरने आपल्या गुप्त किल्लीने तीच सही पुन्हा काढून पाहायची असते:

```
HMAC_SHA256(order_id + "|" + razorpay_payment_id, key_secret)
```

दोन्ही सह्या जुळल्या तरच पेमेंट खरे. गुप्त किल्ली सर्व्हरवरच राहिली पाहिजे. पानाच्या कोडमध्ये ती गेली, तर कोणीही खोटी सही बनवू शकेल.

अडचणी. सर्वांत जास्त तक्रार येते ती ‘पैसे कापले, पण ऑर्डर झाली नाही’ अशी. ग्राहक मोबाइलवर यूपीआय ॲपमध्ये पिन टाकतो आणि ब्राउझरकडे परत न येता खिडकी बंद करतो. पैसे पोचलेले असतात, संकेतस्थळाला मात्र पत्ता नसतो. यासाठी वेबहुक लावतात: ॲग्रिगेटरचा सर्व्हर `payment.captured` असा निरोप थेट विक्रेत्याच्या सर्व्हरला पाठवतो. तो निरोप दोनदा येऊ शकतो, म्हणून पेमेंट क्रमांक नोंदलेला असल्यास दुसरा सोडून द्यावा. नाहीतर एकाच पेमेंटवर दोन संच रवाना होतात. निरोपाची स्वतःची सहीही तपासावी लागते.

ग्राहकाचे पैसे कापले गेले आणि विक्रेत्याकडे पुष्टी पोचलीच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत गेले पाहिजेत. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. ग्राहकाला घाईने दुसऱ्यांदा पैसे भरायला सांगण्याआधी विक्रेत्याने ॲग्रिगेटरच्या डॅशबोर्डवर त्या ऑर्डरची स्थिती पाहावी.

जमा होणारी रक्कम साधारण दोन कामकाजाच्या दिवसांनी, शुल्क वजा करून, अनेक व्यवहारांची मिळून एकत्र येते. बँकेच्या पासबुकात ऑर्डरची किंमत शोधून ती सापडत नाही. ताळा जमा-अहवालाशीच घालावा लागतो.