आधी उत्तर, मग उदाहरण

वहीतले सोडवलेले उदाहरण घ्यायचे, आकडे बदलायचे आणि मुलांना सरावाला द्यायचे, हे शिक्षकाचे रोजचे काम. मात्र आकडे मनाला येतील तसे बदलता येत नाहीत. उत्तर आधी ठरवावे लागते आणि तिथून उलट्या पावली प्रश्नापर्यंत यावे लागते. ही रीत सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवरही दिसते.

येल विद्यापीठातल्या बॅबिलोनियन संग्रहात ‘वायबीसी ४६५२’ ही पाटी आहे. तिच्यावरची उदाहरणे एकाच साच्याची आहेत: एक दगड सापडला, त्याचे वजन केले नाही, त्यात अमुक भाग मिळवला, मग तोलला तर एक मिना भरला, मूळ वजन किती? उदाहरणागणिक मिळवायचे किंवा काढायचे भाग बदलतात, शेवटचा एक मिना तोच राहतो. रीत लिहिलेली नाही, फक्त उत्तर आहे.

त्यातल्या एकात दगडात त्याचा सातवा भाग आणि मग आलेल्या बेरजेचा अकरावा भाग मिळवला आहे. बॅबिलोनी गणित साठाच्या पायावर चाले आणि त्यात ७ किंवा ११ ने भागले की भागाकार संपतच नाही. पण सातवा भाग मिळवला की मूळ वजनाची आठ सप्तमांश पट होते, पुढे अकरावा भाग मिळवला की त्याची बारा अकरांश पट. उलटे जाताना भागायचे ते ८ आणि १२ ने, आणि हे दोन्ही आकडे साठाच्या पद्धतीत नीट भागतात. एक मिना म्हणजे ६० शेकेल, म्हणून मूळ वजन ४८ पूर्णांक १ अष्टमांश शेकेल. दिसायला अवघड आणि सुटायला स्वच्छ असे आकडे निवडणाऱ्याला उत्तराकडची वाट आधीच ठाऊक होती.

आपल्याकडे पेशावरजवळ १८८१ साली सापडलेल्या बख्शाली हस्तलिखितात सूत्र, उदाहरण, मांडणी आणि रीत यांच्यापुढे पडताळाही येतो: आलेले उत्तर प्रश्नात परत घालून पाहायचे. सरावसंचाच्या उत्तरसूचीची खात्री करायची हीच सगळ्यात भरवशाची रीत आहे.

भास्कराचार्यांच्या लीलावतीतले (११५०) भुंग्यांचे उदाहरण या कामासाठी उत्तम. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ इतके भुंगे मालतीवर गेले, सगळ्या थव्याचे आठ नवमांशही गेले, दोन उरले, थवा किती? उत्तर ७२. निम्मे ३६, त्याचे वर्गमूळ ६, आठ नवमांश म्हणजे ६४, आणि २.

आता उरलेल्या दोनांचे तीन करून पाहा. निम्म्याच्या वर्गमुळाला य म्हटले तर समीकरण होते 2य² − 9य − 27 = 0. मूळचिन्हाखाली २९७ येतात, तो पूर्ण वर्ग नाही, आणि भुंगे अपूर्णांकात जातात. म्हणून उलटे जायचे. थवा 2य², तो ९ ने भागला गेला पाहिजे, म्हणजे य तिनाच्या पटीत हवा. य = 3क धरला की थवा 18क² आणि उरलेले 2क² − 3क. क दोन असताना भास्कराचार्यांचे ७२ आणि २ मिळतात, तीनला १६२ आणि ९, चारला २८८ आणि २०. क एक घेतला तर उरलेले उणे एक होतात, म्हणून सुरुवात दोनपासून.

आणखी एक गोष्ट तपासावी लागते. घाईत पोर ‘निम्म्याचे’ हा शब्द विसरते आणि सबंध थव्याचे वर्गमूळ घेते. त्या चुकीच्या वाटेनेही पूर्णांक आला, तर तिला चूक कळणार नाही. वरच्या तिन्ही जोड्यांत तो येत नाही. चुकणारी मुलगी अडते आणि प्रश्न पुन्हा वाचते. सरावसंच करणाऱ्याने चुकीची वाटही सोडवून पाहायची ती यासाठीच.

लीलावती शिकवण्याची परंपरा खानदेशात टिकली. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, असे तिथला १२०७ चा शिलालेख सांगतो. पुढे १५४५ साली गणेश दैवज्ञांनी लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली आणि रीती का चालतात याच्या उपपत्ती दिल्या. आकडे कुठवर बदलता येतील हे उपपत्तीवरूनच कळते, नुसत्या रीतीवरून नाही.

छापखान्याने उत्तरे वेगळी काढली. इंग्लंडमध्ये १७५१ साली आलेल्या वॉकिंगेमच्या अंकगणिताला पुढे स्वतंत्र ‘की’ निघाल्या, त्यांत उदाहरणे सोडवून दाखवलेली असत. आकडे मात्र छापलेलेच राहिले, सगळ्या वर्गाला तेच. १९९० च्या दशकात रॉचेस्टर विद्यापीठात मायकेल गेज आणि अर्नोल्ड पायझर यांनी वेबवर्क ही प्रणाली केली आणि प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे आकडे मिळू लागले. भुंग्यांचे उदाहरण तिथे असे मांडता येईल:

```
$k = random(2,5,1);
$x = 18*$k**2;
$r = 2*$k**2 - 3*$k;
```

इथे यंत्र फक्त क निवडते. १८ कुठून आले, सुरुवात २ पासून का, हे माणसाने कागदावर सोडवून ठरवायचे असते. ते न करता नुसते `$r` यादृच्छिक ठेवले, तर बहुतेक मुलांच्या वाट्याला अपूर्णांकातले भुंगे येतील आणि उत्तरसूची ते बिनतक्रार बरोबर मानेल.