लाजाळू मुलासाठी शिकवणी: कडक शिक्षक की शांत?

कडक शिक्षकांच्या क्लासचा निकाल चांगला दिसतो. पण काही क्लास आधीचे गुण पाहूनच प्रवेश देतात. म्हणून नुसत्या निकालावर जाऊ नये. लाजाळू मुलाच्या बाबतीत पाहायचे ते हे, की त्याची चूक शिक्षकांपर्यंत पोहोचते का?

समजा, सहावीतला मुलगा १/२ + १/३ = २/५ असे लिहितो. त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. ओरडा बसेल म्हणून तो विचारत नाही, फळ्यावरचे ५/६ उतरवून घेतो. वही बरोबर दिसते, परीक्षेत मात्र तीच चूक पुन्हा होते. शांत शिक्षकांनी ‘हे कसं केलंस?’ एवढे विचारले तरी ती सापडते.

पण मूल अडले की पुढची पायरी शिक्षकच सांगत गेले, तर एकट्याने सोडवायची सवय लागत नाही.

महिनाभराने शिकवलेल्या प्रकारचेच नवे गणित घरी द्यावे आणि मदत करू नये. वही बरोबर असूनही ते मुळातच चुकले, तर उतरवणे चालू आहे. सुरुवात बरोबर करून मूल प्रत्येक पायरीला तोंडाकडे पाहू लागले, तर आधार जास्त मिळतो आहे. कडक शिक्षकांनाही ते शंका विचारत असेल, तर क्लास बदलायची गरज नाही.