घोरपडीचं काय करायचं?

4 फेब्रुवारी 1670. माघ वद्य नवमीची रात्र. तानाजी मालुसरे कोंढाण्याचा कडा चढले, किल्लेदार उदेभानाशी लढताना पडले आणि गड स्वराज्यात आला. ही गोष्ट मराठीत इतक्यांदा सांगितली गेलीय की यशवंती घोरपड, रायबाचं लग्न, शेलारमामा हे सगळं आपल्याला पाठ असतं. इतिहासाचं पुस्तक लिहिणाऱ्यापुढे नेमकी इथेच अडचण उभी राहते. घोरपड ठेवली तर अभ्यासक हसतील आणि काढली तर वाचकाला गोष्टीतली जानच गेल्यासारखं वाटेल.

यातलं काय कुठून आलं ते पाहू. पहिलं साधन जेधे शकावली. शकावली म्हणजे तारीखवार नोंदींची वही. तिच्यामुळे आपल्याला घटनेचा काळ मिळतो. अशा नोंदीत रंग भरलेला नसतो, म्हणून तारखेसाठी ती भरवशाची. पण गड कसा चढले, कोण काय बोललं, हे ती सांगत नाही.

दुसरं साधन कृष्णाजी अनंत सभासदाची बखर. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून ती जिंजीला 1697 मध्ये लिहिली गेली, म्हणजे घटनेनंतर 27 वर्षांनी. सभासद शिवाजी महाराजांच्या दरबारातला माणूस, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन आहे. तो सांगतो, की तानाजीने 500 मावळे निवडले आणि चढण्यात पटाईत असे दोघे आधी कड्यावर गेले. तानाजी पडल्यावर भाऊ सूर्याजीने लढाई सावरली. गड घेतल्यावर पागेची खोपटी पेटवली आणि तो उजेड राजगडावरून महाराजांनी पाहिला. यात घोरपड नाही.

घोरपड येते तिसऱ्या साधनातून, तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. जिजाऊंनी महाराजांशी सोंगट्यांचा डाव मांडून सिंहगड जिंकून मागितला, हेही त्यातलंच. पोवाडा लोकांसमोर गायचा असतो. त्याचं काम ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणण्याचं, आणि ते तो चोख करतो.

आता कमकुवत पुस्तक काय करतं? ते तिन्ही साधनं एकाच वाक्यात कालवतं. उदाहरणार्थ: “4 फेब्रुवारीच्या त्या रात्री यशवंती कड्याला चिकटली आणि तानाजीने दोर ओढून पाहिला.” तारीख शकावलीची, घोरपड पोवाड्याची, दोर ओढून पाहणं लेखकाच्या मनातलं. तारीख अचूक असल्यामुळे बाकीचंही खरं वाटायला लागतं. फसगत इथे होते. शेवटी दिलेली 40 पुस्तकांची यादीही मदतीला येत नाही, कारण कुठलं वाक्य कशातून आलं ते तिच्यातून कळतच नाही.

तोच प्रसंग असाही लिहिता येतो: “दोन मावळे आधी वर गेले, असं सभासद सांगतो. पुढे शाहिरांनी त्या कड्यावर घोरपड चढवली. उभा कडा, रात्र आणि वर पहारा. नुसत्या माणसांनी हे कसं केलं असेल, याचं नवल त्या घोरपडीत उतरलंय.” गोष्ट इथेही चालूच राहते. फक्त कोण बोलतंय ते वाचकाला कळतं. त्यासाठी तळटीपही लागत नाही. “सभासद सांगतो” एवढे दोन शब्द पुरतात.

असं लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे. तानाजीच्या मरणावरून गडाला सिंहगड हे नाव पडलं, असं आपण ऐकत आलो. पण 1663 च्या एका पत्रात या गडाचं नाव सिंहगड असं आलेलं आहे, म्हणजे लढाईच्या सात वर्षं आधी. हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीचं नाव झालेलं ते प्रसिद्ध वाक्यही सभासदाकडे तसं नाही. त्याच्या बखरीत महाराज म्हणतात त्याचा आशय असा: एक गड हाती आला, पण दुसरा गड गेला. तिथे तानाजीलाच गड म्हटलंय. सिंहाच्या वाक्यापेक्षा हे मला जास्त लागतं. साधनाजवळ गेल्यावर गोष्ट कोरडीच होते असं नाही, हे इथे दिसतं.

सभासदालाही मर्यादा आहेत. तो आठवणीतून लिहितो. आकडे ऐकीव असू शकतात, आणि दरबारातल्या माणसाला धन्याचं कौतुक असणारच. म्हणून चांगला लेखक त्यालाही शकावलीशेजारी ठेवून तपासतो.

पुढच्या वेळी शिवकाळावरचं पुस्तक हातात घेतलंत तर कोंढाण्याचं प्रकरण आधी उघडा. तिथे अवतरणचिन्हांत लांबलचक संवाद असतील, तर ते कुठून आले हे लेखक सांगतो का बघा. मग घोरपड शोधा. ती नुसती कडा चढत असेल, तर तुमच्या हातात कादंबरी आहे. ती कादंबरी म्हणून वाचायला काहीच हरकत नाही. ती मुळीच नसेल, तर लेखकाने साडेतीनशे वर्षं लोकांनी काय जपलं ते सोडून दिलंय. आणि ती पोवाड्याचं बोट धरून आली असेल, तर पुढचं पान निर्धास्त उलटा.