व्यापारी सूट हे उत्पन्न नव्हे

‘पुरवठादाराने दिलेली सूट पुस्तकात दिसायलाच हवी, नाहीतर वर्षभरात किती मिळाली ते कळणार कसं?’ हा युक्तिवाद अनेक हिशेबनीस करतात. म्हणून खरेदी यादीच्या किमतीने लिहून फरक ‘मिळालेली सूट’ खात्याला जमा होतो. शेवटी नफा तोच येतो, असंही सांगितलं जातं. पण माल शिल्लक असेल तर तो तोच येईल याची खात्री नाही.

विजेच्या सामानाचं दुकान घ्या. यादीची किंमत 1,00,000 रुपये, बिलातच 30 टक्के व्यापारी सूट, उरले 70,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 12,600. मार्चअखेर निम्मा माल 42,000 ला विकला गेला, निम्मा गोदामात आहे. खरेदी 70,000 लिहिली तर विकलेल्या मालाची किंमत 35,000 आणि नफा 7,000. यादीच्या किमतीने लिहिणाऱ्याचा शिल्लक साठाही 50,000 दिसतो, सूट 30,000 उत्पन्नात जाते आणि नफा निघतो 22,000. जादाचे 15,000 म्हणजे न विकलेल्या मालावरची सूट. माल फळीवरच आहे आणि आपण त्यावर नफा मोजून बसलो!

साठा निव्वळ किमतीने धरला तर नफा बरोबर येतो, हे मान्य. पण खरेदीचा आकडा फुगलेलाच राहतो. लेखामानक 2 तर मालाची किंमत ठरवताना व्यापारी सूट वजा करायलाच सांगतं. चूक ओळखायची खूणही सोपी आहे: 12,600 हे एक लाखाचे 18 टक्के होत नाहीत. किती सूट मिळाली हे हवं असेल तर बिलावर ते लिहिलेलं आहेच, त्याची वेगळी नोंदवही ठेवा.

रोख सूट मात्र वेगळी. विकलेल्या त्याच निम्म्या मालाचं गिऱ्हाइकाला दिलेलं बिल 1 मार्चला 42,000 अधिक 7,560 जीएसटी, म्हणजे 49,560 चं झालं, आणि दहा दिवसांत पैसे दिल्यास मूळ किमतीवर 2 टक्के सूट ठरली. त्या दिवशी विक्री 42,000 च लिहायची, कारण गिऱ्हाईक मुदतीत देईल की नाही हे अजून ठरायचं आहे. (इंड एएस 115 पाळणाऱ्या मोठ्या कंपन्या अंदाजाने विक्रीच कमी धरतात, छोट्या दुकानाला ते लागू नाही.) 8 मार्चला पैसे आले की बँक 48,720 नावे, दिलेली सूट 840 नावे, गिऱ्हाईक 49,560 जमा. ही 840 ची ओळ राहून गेली तर गिऱ्हाइकाच्या खात्यावर तेवढी बाकी वर्षभर लोंबकळते आणि वसुलीला गेलेल्या माणसाला चार शब्द ऐकावे लागतात. जीएसटी मात्र 7,560 च राहतो. तो कमी करायचा तर नुसती सूट खात्यातली नोंद पुरत नाही, क्रेडिट नोट काढून तिच्या अटी पाळाव्या लागतात.