युनियन-फाइंड
ग्राफमधील दोन बिंदू एकाच जोडलेल्या घटकात आहेत का, हे सांगणारी रचना. गॅलर आणि फिशर यांनी ती १९६४ मध्ये मांडली. प्रत्येक बिंदू आपल्या पालकाची नोंद ठेवतो. दोन बिंदूंचे मूळ एकच निघाले तर घटकही एकच. १→२→३→४ या साखळीत `find(1)` मूळ ४ शोधते आणि १ व २ यांनाही थेट ४ ला जोडते. हेच मार्गसंक्षेपण; पुढच्या वेळी १ पासून मूळ एकाच पावलावर असते. कडा एकेक करून येत असतील आणि मधूनमधून प्रश्न विचारले जात असतील, तर दर वेळी नव्याने ग्राफ धुंडाळण्यापेक्षा ही रीत कितीतरी सरस. ग्राफ आधीच पूर्ण हाती असेल, तर साधा रुंदी-प्रथम शोध पुरतो. कडा काढून टाकायच्या असतील तर मात्र युनियन-फाइंड रचना अडते, कारण आलेल्या कडांची नोंद तिच्यात नसते.